लाइव्ह टेबलावर पहिल्यांदा बसताना: स्ट्रिंग बेट, पाळीआधीची खेळी आणि स्लो रोल

फोनवर पोकर खेळताना यातलं काहीच शिकावं लागत नाही. तुमची पाळी आली की बटणं उजळतात, रक्कम आधी ठरवून मगच बोट दाबावं लागतं, आणि शेवटी पत्ते आपोआप उघडतात. खऱ्या टेबलावर हे सगळं तुमच्या हातात, तोंडात आणि नजरेत असतं. म्हणून ऑनलाइन हजारो डाव खेळलेला माणूससुद्धा पहिल्या दिवशी तिथे चुकतो. आणि चूक झाली की डीलर मधे पडतो, सगळे तुमच्याकडे बघतात आणि नियम नेमका काय होता हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

मी अनेक वर्षं खेळलोय आणि छोट्या स्पर्धांमध्ये डीलर म्हणूनही बसलोय. डीलरच्या खुर्चीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शिष्टाचाराचे बहुतेक नियम एकाच प्रश्नाभोवती फिरतात: कोणाला काय, कधी कळलं? पत्ते झाकलेले असतात, त्यामुळे समोरच्याने आपल्या पाळीला काय केलं एवढीच माहिती तुमच्याकडे असते. ती ठरलेल्या क्रमाने सगळ्यांना मिळाली तरच खेळ सरळ चालतो. स्लो रोल मात्र या हिशेबात बसत नाही. तो वेगळ्याच कारणाने वाईट आहे, त्याकडे शेवटी येतो.

नियमांची यादी देण्यापेक्षा एकच डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळू. नो-लिमिट टेक्सास होल्डेम, स्पर्धेचं टेबल, ब्लाइंड 100 आणि 200. तुम्ही पाच नंबरच्या सीटवर आहात. बटण आठ नंबरसमोर आहे, म्हणजे प्रत्येक फेरीत तो तुमच्यानंतर बोलणार. तुम्हाला बदामचा एक्का आणि बदामचा राजा आलाय.

पहिली पायरी: आधी बोला, मग चिप्स हलवा

तीन नंबरने रेज करून 500 केले. चार नंबरने पत्ते टाकले. आता तुमची पाळी. तुम्हाला एकूण 1500 करायचे आहेत. तुम्ही 500 ची एक चिप उचलून पुढे ठेवता, हात मागे घेता, आणि ढिगातून 1000 ची चिप काढून तीही पुढे ठेवता. डीलर लगेच हात आडवा धरतो: "कॉल. फक्त कॉल." 1000 ची चिप तुमच्याकडे परत येते.

ही स्ट्रिंग बेट. तोंडाने काही न सांगता चिप्स दोन किंवा जास्त हालचालींत पुढे सरकवल्या, तर पहिल्या हालचालीत जे पुढे गेलं तेवढंच धरलं जातं. इथे पहिल्या हालचालीत बरोबर 500 गेले, म्हणून कॉल.

नवखा म्हणतो, माझ्या मनात तर रेजच होता. असेलही. पण त्या दोन हालचालींच्या मधला क्षण जवळून बघा. पहिले 500 टेबलावर पडले तेव्हा तीन नंबरला वाटलं, कॉल झाला. त्याचे खांदे किंचित सैल पडले, किंवा तो खुर्चीत मागे टेकला, किंवा उलट त्याची नजर पटकन स्वतःच्या चिप्सकडे गेली. तुम्ही हे बघितलंत. आता रेज करायचा की कॉलवर थांबायचं हे तुम्ही त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू शकता. निर्णयाआधी तुम्हाला त्या निर्णयाचा परिणाम दिसला, आणि तीन नंबरला मात्र तुमच्याबद्दल असं काहीच कळलं नाही. तुम्ही मुद्दाम केलंत की अनवधानाने, हे डीलरला कळायला मार्ग नाही. म्हणून नियम हेतू विचारत नाही, फक्त हाताची हालचाल बघतो. प्रामाणिक माणसाला तो कडक वाटतो, पण त्याच कडकपणामुळे लबाडाला "माझ्या मनात रेज होता" म्हणायची सोय राहत नाही.

बोलण्यातूनही हीच चूक होते. "तुमचे पाचशे, आणि वर आणखी हजार" हे वाक्य ऐकायला रुबाबदार आहे. पण "तुमचे पाचशे" म्हटल्याक्षणी कॉल जाहीर झाला आणि पुढचं वाक्य वाया गेलं. पाळी असताना बोललेला शब्द बांधील असतो आणि पहिला स्पष्ट शब्द धरला जातो.

बचाव अगदी साधा आहे. चिप्सना हात लावायच्या आधी तोंडाने सांगा. नुसतं "रेज" म्हणालात तरी पुष्कळ झालं. त्यानंतर कॉलचे 500 आधी पुढे ठेवून, मग वरची रक्कम एकाच हालचालीत ठेवता येते. रक्कमही बोललात तर हालचालींचा प्रश्नच उरत नाही, चिप्स हव्या तितक्या वेळा आणून ठेवा. फक्त रक्कम सांगताना आपल्या भाषेत एक खाच आहे. "हजाराने वाढवतो" म्हणजे एकूण 1500 आणि "हजारावर नेतो" म्हणजे एकूण 1000. गडबडीत नुसतं "रेज, हजार" म्हटलं की वाद सुरू. म्हणून मी नेहमी एकूण आकडाच सांगतो: "रेज, एकूण पंधराशे."

याच घरातली आणखी एक चूक तितकीच वारंवार होते, म्हणून इथेच सांगतो. समोर 500 चा रेज आहे आणि तुम्ही न बोलता 5000 ची एकच चिप पुढे टाकली. तो रेज नाही, कॉल आहे, आणि तुम्हाला 4500 परत मिळतील. समोर बेट असताना मोठी चिप न बोलता टाकली की तिचा अर्थ "माझ्याकडे सुटे नाहीत" असा धरतात. फ्लॉपनंतर समोर कोणाचीच बेट नसताना तीच चिप टाकली, तर मात्र पूर्ण 5000 ची बेट होते. एकाच कृतीचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही वेळा "रेज" किंवा "बेट" हा एक शब्द तुम्हाला वाचवतो.

मधली रक्कम पुढे गेली तर काय, हेही विचारलं जातं. 200 वरून 500 म्हणजे वाढ 300 ची. तेव्हा पुढचा रेज किमान आणखी 300 चा, म्हणजे एकूण 800 हवा. तुम्ही न बोलता एका हालचालीत 700 ठेवले, तर वाढ 200 ची होते, म्हणजे किमान वाढीच्या निम्म्याहून जास्त. बहुतेक स्पर्धांत तुम्हाला 800 पूर्ण करायला लावतील. 600 ठेवले असते तर वाढ निम्म्याहून कमी, म्हणून तो कॉल. रोख टेबलांवर काही ठिकाणी हे वेगळं असतं. बसण्याआधी डीलरला विचारायला काहीच हरकत नाही.

आपल्या डावात काय झालं? तुमचा रेज कॉल ठरला. बटणावरच्या आठ नंबरनेही कॉल केला, दोन्ही ब्लाइंडनी पत्ते टाकले. पॉटमध्ये तीन जणांचे 1500 आणि ब्लाइंडचे 300, एकूण 1800.

दुसरी पायरी: उजवीकडच्या हाताकडे बघा

फ्लॉप आला: इस्पिकचा एक्का, चौकटची नव्वी, किलवरची चव्वी. तुमची एक्क्यांची जोडी झाली. पहिली पाळी तीन नंबरची. तो विचार करतोय. तेवढ्यात आठ नंबरला वाटलं की सगळ्यांनी चेक केलंय, आणि त्याने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. चेक.

एक पैसाही पॉटमध्ये गेला नाही, मग काय बिघडलं? तीन नंबरच्या हातात काय आहे ते पाहिलं की कळेल. त्याच्याकडे दोन नव्व्या आहेत, म्हणजे फ्लॉपवर त्याच्या तीन नव्व्या झाल्या. त्याचा बेत होता की आपण चेक करावं, बटणावरच्या माणसाला बेट करू द्यावी आणि मग त्याला वर उचलावं. आता त्याला कळलं की बटणावरून बेट येणार नाही. त्याने बेत बदलला आणि स्वतःच 900 ची बेट लावली. तुम्हालाही कळलं की तुमच्या मागे कोणी दमदार नाही, त्यामुळे 900 चा कॉल तुम्ही जास्त निर्धास्तपणे केलात. आठ नंबरची एक टिचकी दोन माणसांचे निर्णय बदलून गेली, आणि त्याची किंमत त्याने स्वतःच मोजली. बटण ही टेबलावरची सर्वांत चांगली जागा असते, कारण तिथला माणूस सगळ्यांचं बघून मग बोलतो. त्याने ती जागा फुकट घालवली.

आता निर्णय काय लागतो? स्पर्धांमधला प्रचलित नियम असा. खेळ जिथे चुकला तिथे मागे नेतात आणि ज्याची खरी पाळी होती त्याला बोलू देतात. मधल्या लोकांनी चेक, कॉल किंवा फोल्ड केलं, तर आधी बोलणाऱ्यासमोरची परिस्थिती बदलली नाही असं धरतात आणि त्याचा शब्द त्याला पाळावा लागतो. कोणी बेट किंवा रेज केला, तर परिस्थिती बदलली, म्हणून त्याची खेळी रद्द होते आणि त्याला सगळे पर्याय पुन्हा मिळतात. इथे तीन नंबरने बेट लावली, म्हणून आठ नंबर चेकला बांधील राहिला नाही. त्याने पत्ते टाकले.

खेळी रद्दच होणार असेल तर बांधील ठेवायचा खटाटोप कशाला, असा प्रश्न मलाही एकेकाळी पडायचा. त्याचं उत्तर दुसऱ्या प्रसंगात आहे. समजा आठ नंबरने चेकऐवजी पाळीआधीच "बेट, बाराशे" म्हटलं असतं. घाबरून तीन नंबर आणि तुम्ही दोघांनी चेक केलं, आणि मग आठ नंबर म्हणाला, "माफ करा, चुकून बोललो, मीपण चेक." त्याला पुढचा पत्ता फुकट बघायला मिळाला. बांधीलकी नसती तर हा डाव कोणीही रोज खेळला असता. म्हणून तुम्ही दोघांनी चेक केलंत की त्याचे 1200 पॉटमध्ये जातातच.

पाळीआधीचा फोल्ड मात्र कधीच परत घेता येत नाही, आणि माझ्या मते तीनही प्रकारांत सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं, कारण ते तिसऱ्याच माणसाला सोसावं लागतं. समजा तीन नंबरने चेक केलं, तुम्ही विचार करताय, आणि कंटाळलेल्या आठ नंबरने पत्ते डीलरकडे सरकवले. तुमच्या मागची भीती गेली. आता तुमच्या हातात काहीही नसलं तरी एकट्या तीन नंबरवर तुम्ही हूल देऊ शकता. आठ नंबरचं काहीच गेलं नाही. गेलं ते तीन नंबरचं, आणि त्याने काहीच चुकीचं केलेलं नव्हतं.

पाळी चुकू नये यासाठी मी नवख्यांना एकच सवय लावायला सांगतो. खेळ घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे तुमच्या उजवीकडच्या माणसानंतर तुम्ही. त्यामुळे आपले पत्ते न्याहाळत बसण्यापेक्षा उजवीकडच्या माणसाचे हात बघा. त्याच्यासमोर पत्ते आहेत का? असतील तर त्याने काही केलं का? दोन्हीचं उत्तर मिळेपर्यंत हात टेबलावर स्थिर. टिचकी मारण्याची, पत्ते उचलून धरण्याची, चिप्सची चळत हातात घेऊन पुढे झुकण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण काही ठिकाणी चिप्स घेऊन पुढे नेलेला हातसुद्धा खेळी धरली जाते.

दुसरी बाजूही आहे. पाळीआधी बोलणाऱ्याची चूक अनेकदा दुसऱ्याच कोणामुळे झालेली असते. एखादा माणूस पत्त्यांवर दोन्ही हात ठेवून बसतो, चिप्सच्या चळतीमागे पत्ते लपतात, आणि पुढच्याला वाटतं हा डावात नाहीच. तुमचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे समोर ठेवा, वर एखादी चिप ठेवा म्हणजे ते चुकून गोळाही होणार नाहीत, आणि मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे किंवा वर असू द्या.

आणि तुम्हालाच कोणी वगळून पुढे गेलं तर? गप्प बसू नका. लगेच हात वर करून स्पष्ट म्हणा, "थांबा, माझी पाळी आहे." तुम्हाला पुरेसा वेळ होता, तरी तुम्ही काही बोलला नाहीत आणि तुमच्यापुढे दोन-तीन खेळ्या होऊन गेल्या, तर तुमचा हक्क जाऊ शकतो. नवखे लोक संकोचाने शांत राहतात आणि मग निर्णय विरुद्ध गेला की त्यांना अन्याय वाटतो.

मधेच एक: पत्ते टाकलेल्या माणसाचा चेहरा

टर्नला बदामची चव्वी आली. आठ नंबरने इस्पिकची पंजी-चव्वी टाकली होती, त्याच्या तीन चव्व्या झाल्या असत्या. त्याने कपाळावर हात मारला आणि "अरे देवा" म्हणाला. बस, सगळ्यांना कळलं की एक चव्वी डावाबाहेर आहे. तुमच्या मनातली सर्वांत मोठी भीती होती ती तीन नंबरकडे चव्वी असण्याची. ती बरीच कमी झाली. तीन नंबरलाही कळलं की चार चव्व्या कोणाच्याच होऊ शकत नाहीत, म्हणजे त्याच्या फुल हाउसला असलेला एक धोका टळला.

डाव सोडल्यावर तो डाव संपेपर्यंत पत्त्यांबद्दल काहीही बोलायचं नाही, हावभावही करायचे नाहीत. हे अवघड आहे, मला माहीत आहे, कारण हळहळ आपोआप निघते. मी अशा वेळी पाण्याची बाटली उचलतो. शेजाऱ्याला आपले टाकलेले पत्ते दाखवणं, किंवा डावात असलेल्याला "तो हूल देतोय, घे कॉल" असा सल्ला देणं, हेही त्यातच येतं. एका डावाला एकच खेळाडू, हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे.

तिसरी पायरी: जिंकत असाल तर लगेच दाखवा

टर्नवर तीन नंबरने चेक केलं. फुल हाउस असताना चेक! याला स्लो प्ले म्हणतात आणि यात काहीही गैर नाही. नवखे लोक स्लो प्ले आणि स्लो रोल यांची गल्लत करतात, म्हणून फरक इथेच बघून ठेवा. स्लो प्लेमध्ये निर्णय अजून बाकी आहेत आणि तो आपली ताकद लपवून तुम्हाला जाळ्यात ओढतोय. तोच तर खेळ आहे. तुम्ही 1500 लावले, त्याने कॉल केला. पॉट 6600.

रिव्हरला किलवरचा राजा. तुमच्या दोन जोड्या झाल्या, एक्के आणि राजे. तीन नंबरने 3000 लावले, तुम्ही कॉल केला. पॉट 12,600. आता कोणालाही काहीही ठरवायचं उरलेलं नाही. नियमाप्रमाणे शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट किंवा रेज केला तो आधी पत्ते दाखवतो, म्हणजे तीन नंबर. शेवटच्या फेरीत सगळ्यांनी चेक केलं असतं, तर बटणाच्या डावीकडून सुरुवात झाली असती. आणि स्पर्धेत कोणी ऑल-इन असून सगळ्या बेट पूर्ण झाल्या असतील, तर सगळ्यांनीच ताबडतोब पत्ते उघडायचे असतात.

तीन नंबर मात्र पत्ते उघडत नाही. तो सुस्कारा टाकतो. "तुमच्याकडे काय आहे?" तुम्ही एक्का आणि राजा दाखवता. "वा, चांगले आहेत," तो मान हलवतो. डीलर पॉटकडे बघतो, तुम्ही थोडे पुढे सरकता. मग तो एक नव्वी उघडतो, थांबतो, आणि दुसरी नव्वी उघडतो. फुल हाउस.

हा स्लो रोल. नियमाने बघितलं तर त्याने पॉट न्याय्य मार्गानेच जिंकला आणि ते 12,600 त्याचेच. पण त्या दहा सेकंदांनी त्याला काय मिळालं? एक चिपही जास्त नाही, कारण बेट संपल्या होत्या. माहिती नाही, कारण आता ती वापरायला जागा नव्हती. स्ट्रिंग बेट करणाऱ्याला निदान फायदा होतो, म्हणून तिथे नियम लागतो. इथे फायदा कशाचाच नाही. हरणाऱ्या माणसाला क्षणभर जिंकल्याचं वाटू द्यायचं आणि मग ते काढून घ्यायचं, एवढंच त्या उशिरातून होतं. म्हणूनच अनुभवी खेळाडू स्ट्रिंग बेटवर हसून पुढे जातात, पण स्लो रोल करणाऱ्याला विसरत नाहीत. पोकरमध्ये प्रत्येकाला वारंवार हरावं लागतं, नशिबाने हरावं लागतं, आणि तरी शांतपणे पुढचा डाव खेळावा लागतो. टेबलावरचे सगळे एकमेकांसाठी ते सोपं ठेवतात. स्लो रोल करणारा तेवढंच मोडतो.

स्लो रोल दुसऱ्या रूपातही येतो. समोरच्याने ऑल-इन केलं, तुमच्याकडे त्या टेबलावर शक्य असलेले सर्वांत मोठे पत्ते आहेत, तुमच्यानंतर बोलायला कोणी नाही, आणि तरी तुम्ही दोन मिनिटं विचार करण्याचं नाटक करता. तोही स्लो रोलच. मात्र तुम्हाला खरंच शंका असेल, तर हवा तेवढा योग्य वेळ घ्या. आपल्या डावात ऑल-इनची वेळ आली असती, तर तीन नंबरने नव्व्यांचं फुल हाउस असूनही क्षणभर थांबणं मी समजू शकलो असतो, कारण दोन एक्के किंवा दोन राजे त्याला हरवत होते. विचार करणं आणि विचाराचं सोंग करणं यातला फरक टेबलाला बरोबर कळतो.

नवख्याकडून होणारा स्लो रोल बहुधा अजाणता असतो. त्याला स्वतःचे पत्ते नीट वाचता येत नाहीत, किंवा आधी कोणी दाखवायचं ते माहीत नसतं, म्हणून दोघेही एकमेकांकडे बघत बसतात. यावर माझा सल्ला असा: बेट संपल्या आणि आपण जिंकत असू असं वाटलं, की पाळीची वाट न बघता दोन्ही पत्ते एकदम, उघडे, समोर ठेवा. काय झालंय ते तोंडाने सांगायची गरज नाही. पत्ते स्वतः बोलतात, डीलर वाचेल.

तोंडाने सांगण्यात धोकाच आहे आणि तो मी भोगलाय. सुरुवातीच्या काळात एका डावात रिव्हरनंतर समोरचा म्हणाला, "फ्लश." माझ्याकडे फक्त दोन जोड्या होत्या. मी पत्ते पालथे डीलरकडे टाकले, आणि डीलरने ते टाकलेल्या पत्त्यांत मिसळले. मग समोरच्याने पत्ते उघडले. चार बदाम होते आणि पाचवी चौकट. लाल रंगात त्याची नजर चुकली होती, तो मनापासून ओशाळला. पण माझे पत्ते मिसळले होते, ते आता बोलू शकत नव्हते, आणि पॉट त्याचा झाला. फ्लोअरला, म्हणजे टेबलांवरचे वाद सोडवणाऱ्या पर्यवेक्षिकेला बोलावलं, तिनेही तेच सांगितलं आणि ते बरोबर होतं. त्या दिवसापासून समोरचे पत्ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी माझे सोडत नाही, आणि जिंकलो तर पॉट माझ्याकडे सरकेपर्यंत हातातून जाऊ देत नाही.

चूक झालीच तर

वर जे निर्णय दिले ते मुख्यतः टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांवर आधारलेले आहेत. 2001 साली मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी ही संघटना सुरू केली, कारण तोवर प्रत्येक ठिकाणी निर्णय वेगळा लागायचा आणि खेळाडूंना एका शहरात शिकलेलं दुसऱ्या शहरात उपयोगी पडत नसे. आजही रोख टेबलांवर घरोघरचे फरक आहेतच, विशेषतः बेटची रेषा ओलांडलेल्या चिप्स आणि पाळीआधी बोललेल्या शब्दांबाबत.

चूक झाली की चिप्स मागे ओढू नका आणि पत्त्यांना हात लावू नका. सगळं जसंच्या तसं राहू द्या. डीलरचा निर्णय पटला नाही तर वाद न घालता "फ्लोअरला बोलवा" म्हणा. हे म्हणणं उद्धटपणा समजला जात नाही, त्यासाठीच फ्लोअरचा माणूस असतो. तो आला की काय झालं ते क्रमाने सांगा: कोणाची पाळी होती, कोण काय बोललं, चिप्स किती हालचालींत गेल्या. तुमच्या मनात काय होतं हे शेवटी सांगा किंवा सांगूच नका. पहिल्या एक-दोन वेळा बहुतेक ठिकाणी समज देऊन सोडतात. पुन्हा पुन्हा पाळी मोडणाऱ्याला किंवा मुद्दाम खेळ रखडवणाऱ्याला काही डाव, कधी पूर्ण फेरी, बाहेर बसवतात, आणि तेवढ्या वेळात त्याचे ब्लाइंड कापले जात राहतात.